घट्ट वेढ्यांची मळसूत्री स्प्रिंग: तारेचा व्यास आणि वेढ्यांची संख्या कशी ठरवावी

या लेखात दाब सहन करणाऱ्या, गोल तारेच्या आणि घट्ट वेढ्यांच्या मळसूत्री स्प्रिंगची आकडेमोड एका उदाहरणावर पहिल्यापासून शेवटपर्यंत केली आहे. उदाहरण असे घेऊ. ३८ मिमी व्यासाच्या भोकात बसणारी एक स्प्रिंग हवी आहे. बसवल्यावर तिने १५० न्यूटन बल द्यावे आणि तिथून आणखी २० मिमी दाबल्यावर ३५० न्यूटन द्यावे. ही हालचाल अधूनमधून होते. स्प्रिंगला रोज हजारो आवर्तने सोसावी लागत नाहीत. तार थंड अवस्थेत ओढलेल्या कार्बन पोलादाची आहे.

आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी तारेत नेमके काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढे होणाऱ्या बहुतेक चुका सूत्र पाठ असूनही त्यामागचे चित्र डोळ्यांसमोर नसल्यामुळे होतात.

तार वाकत नाही, पिळली जाते

स्प्रिंगच्या अक्षावरून बल F लावले आणि एका वेढ्याची तार मनातल्या मनात आडवी कापली, तर त्या छेदापासून बलाची रेषा D/2 इतक्या अंतरावर असते. येथे D हा वेढ्याचा मध्यव्यास आहे, म्हणजे एका बाजूच्या तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर. म्हणून त्या छेदावर F·D/2 इतके पीळ देणारे परिबल येते आणि त्याच्या जोडीला F हे सरळ कर्तन बल येते. वेढे घट्ट असतील, म्हणजे त्यांचा चढ साधारण १० अंशांपेक्षा कमी असेल, तर वाकवणारे परिबल इतके लहान राहते की ते सोडून देता येते. घट्ट वेढ्यांची स्प्रिंग म्हणण्याचा अर्थ हाच आहे. वेढे एकमेकांना टेकलेले असण्याची गरज नसते; फक्त तारेचा चढ कमी असावा लागतो.

तारेचा व्यास d असेल, तर गोल सळईच्या पिळाचे नेहमीचे सूत्र वापरून तारेच्या पृष्ठभागावरचे कर्तन प्रतिबल मिळते. विचलन, म्हणजे स्प्रिंग दबण्याचे अंतर, काढण्यासाठी वेढे उलगडून ती एक लांब सरळ सळई आहे असे मानायचे. तिची लांबी πDN असते, तेवढ्या लांबीवर किती कोनाचा पीळ बसतो ते काढायचे आणि त्या कोनाला D/2 ने गुणायचे. यातून पुढील दोन सूत्रे हाती येतात.

```
τ = K · 8·F·D / (π·d³)
δ = 8·F·D³·N / (G·d⁴)
```

येथे N ही सक्रिय, म्हणजे दाबताना प्रत्यक्ष पिळल्या जाणाऱ्या, वेढ्यांची संख्या आणि G हा तारेच्या पोलादाचा दृढता गुणांक आहे. प्रतिबलाच्या सूत्रात N कुठेही येत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेवढ्याच बलाखाली वेढे वाढवले तर स्प्रिंग मऊ होते, पण तारेवरचे प्रतिबल तसूभरही कमी होत नाही, कारण प्रत्येक वेढ्याला तोच पीळ सोसावा लागतो. त्यामुळे कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी प्रतिबलावरून तारेचा व्यास ठरवायचा आणि मग कडकपणावरून वेढे मोजायचे. उलट क्रमाने गेल्यास तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करावी लागते.

प्रतिबलाच्या सूत्रातला K हा वाल यांनी मांडलेला सुधारणा गुणक आहे. वेढ्याच्या आतल्या कडेचा तंतू बाहेरच्या तंतूपेक्षा आखूड असतो, पण पिळाचा कोन दोघांनाही सारखाच सोसावा लागतो. कमी लांबीत तेवढाच पीळ बसल्यामुळे आतल्या बाजूचे प्रतिबल वाढते आणि सरळ कर्तन बलही तिथेच त्यात भर घालते. दीर्घ वापरानंतर तुटलेल्या स्प्रिंगमधील भेग बहुधा वेढ्याच्या आतल्या बाजूने सुरू झालेली आणि तारेला सुमारे ४५ अंशांत तिरपी गेलेली दिसते, त्याचे कारण हेच आहे. हा गुणक C = D/d या स्प्रिंग निर्देशांकावर अवलंबून असतो.

```
K = (4C - 1)/(4C - 4) + 0.615/C
```

निर्देशांक ४ पेक्षा कमी असेल तर तार गुंडाळणे अवघड जाते आणि आतल्या बाजूचे प्रतिबल फार वाढते. तो १२ च्या वर गेला तर स्प्रिंग लवचीक आणि डगमगती होते, सुट्या स्प्रिंगा एकमेकींत अडकतात आणि व्यास नेमका राखणे कठीण होते. सुरुवातीला ७ ते ९ च्या दरम्यानचा आकडा धरणे मला योग्य वाटते, कारण मग दोन्ही बाजूंना सरकायला जागा राहते.

पहिली पायरी: कडकपणा आणि उपलब्ध जागा

२० मिमी दाबल्यावर बल १५० वरून ३५० न्यूटन होते, म्हणजे २०० न्यूटनांनी वाढते. त्यामुळे कडकपणा १० न्यूटन प्रति मिमी हवा. मोकळ्या लांबीपासून मोजल्यास पहिले बल १५ मिमी दबल्यावर आणि दुसरे ३५ मिमी दबल्यावर मिळेल.

भोक ३८ मिमीचे आहे. दाबल्यावर स्प्रिंगचा बाह्यव्यास किंचित वाढतो, शिवाय तयार होतानाही त्यात थोडा फरक पडतो. म्हणून व्यासात एकूण २ मिमीची मोकळीक ठेवून बाह्यव्यास ३६ मिमीच्या आसपास धरू. तार साधारण ४ मिमीची लागेल असा अंदाज केला, तर मध्यव्यास ३२ मिमी आणि निर्देशांक ८ येतो. हा केवळ अंदाज आहे. तो बरोबर होता की नाही हे पुढची पायरी सांगेल.

दुसरी पायरी: किती प्रतिबल चालेल

येथे एक अडचण येते. ओढलेल्या तारेचे ताणसामर्थ्य तिच्या व्यासावर अवलंबून असते आणि व्यास तर आपल्याला अजून ठरवायचा आहे. तार जितकी बारीक ओढली जाते तितके तिचे सामर्थ्य वाढते. थंड ओढलेल्या साध्या कार्बन पोलादाच्या तारेसाठी पुढील संबंध उपयोगी पडतो. त्यात d मिमीमध्ये घातला की उत्तर न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये मिळते.

```
S = 1783 / d^0.19
```

४ मिमीच्या तारेसाठी हे उत्तर सुमारे १३७० येते. प्रत्यक्ष खरेदी करताना मात्र तारेसोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रातील किमान सामर्थ्यच धरावे. त्या जातीच्या तारेचे पिळातील प्रतिबल ताणसामर्थ्याच्या ४५ टक्क्यांपेक्षा पुढे जाऊ देऊ नये; त्यापलीकडे स्प्रिंग कायमची बसण्याचा, म्हणजे दबून आखूडच राहण्याचा, धोका असतो. म्हणजे मर्यादा ६१७ न्यूटन प्रति चौरस मिमी झाली.

ही मर्यादा ३५० न्यूटनांच्या कामकाजी बलाला लावून थांबणे पुरेसे नाही. जोडणी करताना किंवा एखाद्या चुकीने कधी ना कधी स्प्रिंग पूर्ण मिटते, म्हणजे सगळे वेढे एकमेकांना टेकतात, आणि त्या क्षणी बल कामकाजी बलापेक्षा जास्त असते. कमाल विचलनानंतर वेढे मिटेपर्यंत सुमारे सातवा भाग, म्हणजे ३५ मिमीमागे ५ मिमी, अंतर राखून ठेवू. मग मिटलेल्या अवस्थेतील विचलन ४० मिमी आणि बल ४०० न्यूटन होईल. म्हणून ६१७ ही मर्यादा ४०० न्यूटनांसाठी पाळायची. त्या प्रमाणात ३५० न्यूटनांना चालणारे प्रतिबल सुमारे ५४० उरते.

तिसरी पायरी: तारेचा व्यास

D च्या जागी C·d लिहिले की प्रतिबलाचे सूत्र सोपे होते आणि त्यातून d सरळ काढता येतो.

```
d² = 8·F·C·K / (π·τ)
```

निर्देशांक ८ असताना K १.१८४ येतो. F ३५०, C ८ आणि τ ५४० घातल्यावर d² १५.६ आणि d ३.९५ मिमी मिळतो. बाजारात ३.९५ ची तार शोधत बसण्यात अर्थ नाही. वरचा प्रमाणित व्यास ४ मिमी घ्यावा. सुरुवातीचा अंदाजही ४ मिमीचाच होता, त्यामुळे धरलेले ताणसामर्थ्य बदलावे लागत नाही. अंदाज आणि उत्तर यांत फरक पडला असता, तर नव्या व्यासाचे सामर्थ्य घेऊन ही पायरी एकदा पुन्हा करावी लागली असती. सहसा दोन फेऱ्यांत उत्तर स्थिरावते.

मध्यव्यास तोच, म्हणजे ३२ मिमी, ठेवून आजूबाजूचे व्यास तपासून पाहिले की सूत्राचा स्वभाव नीट कळतो. ३.५ मिमीच्या तारेत ३५० न्यूटनांनाच प्रतिबल सुमारे ७७० होते, तर त्या तारेची मर्यादा जेमतेम ६३० आहे. म्हणजे तार केवळ अर्धा मिमी बारीक केली, तर स्प्रिंग पहिल्याच दाबात कायमची आखूड होईल. याउलट ४.५ मिमीच्या तारेत प्रतिबल ३८० पर्यंत उतरते. ते पाहून जाड तार घेण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत पुढच्या पायरीत दिसेल.

चौथी पायरी: वेढ्यांची संख्या

विचलनाच्या सूत्रात F/δ हा कडकपणा k आहे. त्यावरून सक्रिय वेढे मिळतात.

```
N = G·d⁴ / (8·D³·k)
```

पोलादी तारेचा G वेगवेगळ्या तक्त्यांत ७८,५०० ते ८१,५०० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या दरम्यान दिलेला आढळतो. येथे ७९,००० घेऊ. d ४, D ३२ आणि k १० असताना N ७.७ येतो. ४.५ मिमीच्या तारेसाठी हेच उत्तर १२.४ येते. दोन्ही टोकांचा एकेक निष्क्रिय वेढा धरला, तर मिटलेली लांबी ४ मिमीच्या तारेत सुमारे ३९ मिमी आणि ४.५ मिमीच्या तारेत सुमारे ६५ मिमी होते. केवळ अर्ध्या मिमीने जाड तार घेतल्यामुळे स्प्रिंग २६ मिमीने लांब झाली, कारण d चौथ्या घातात आहे, कडकपणा झपाट्याने वाढतो आणि तो पुन्हा खाली आणण्यासाठी वेढे वाढवावे लागतात. म्हणून सुरक्षिततेसाठी तार थोडी जाड घेऊ असे म्हणणाऱ्याने जागा पुरेल का, हे आधी पाहिले पाहिजे.

आता ७.७ चे काय करायचे? वेढे पूर्णांकात असण्याची सक्ती नाही. टोके मिटवून घासलेली, म्हणजे शेवटचा वेढा शेजारच्या वेढ्याला टेकवून सपाट घासलेला असेल, तर वेढ्यांची संख्या अर्ध्यावर संपणारी ठेवणे चांगले, कारण मग तारेची दोन टोके समोरासमोर येतात आणि स्प्रिंग दाबताना एका बाजूला कमी झुकते. म्हणून ७.५ सक्रिय वेढे घेऊ. पण मग कडकपणा १०.३ होतो. तो परत १० वर आणण्यासाठी वेढ्यांना हात न लावता मध्यव्यास बदलणे मला अधिक नेमके वाटते, कारण तारेचा व्यास बाजारावर अवलंबून असतो, पण मध्यव्यास आपल्या हातात असतो. तेच सूत्र D साठी सोडवले की D ३२.३ मिमी येतो. बाह्यव्यास ३६.३ मिमी होतो आणि भोकात १.७ मिमीची मोकळीक उरते.

पाचवी पायरी: बदललेल्या मापांची फेरतपासणी

मध्यव्यास बदलला आहे, म्हणून प्रतिबल पुन्हा काढलेच पाहिजे. C ८.०७५ आणि K १.१८२ होतो. ३५० न्यूटनांना प्रतिबल ५३२ आणि मिटलेल्या अवस्थेतील ४०० न्यूटनांना ६०८ येते. मर्यादा ६१७ आहे, म्हणजे हा आकडा आत बसतो, पण जेमतेम. स्प्रिंग कामात कधीच मिटत नाही, म्हणून मी तो स्वीकारतो. मात्र तारेच्या प्रमाणपत्रात किमान सामर्थ्य १३५० च्या खाली दिसले, तर हीच रचना तशीच पुढे न रेटता वरच्या सामर्थ्याच्या जातीची तार मागवावी.

एकूण वेढे ९.५ झाले. टोके मिटवून घासलेली असल्याने मिटलेली लांबी ९.५ गुणिले ४, म्हणजे ३८ मिमी. त्यात कमाल विचलनाचे ३५ मिमी आणि राखीव ५ मिमी मिळवले की मोकळी लांबी ७८ मिमी येते. अशा टोकांसाठी वेढ्यांचे अंतर मोकळ्या लांबीतून दोन तारव्यास वजा करून सक्रिय वेढ्यांनी भागल्यावर मिळते. ७८ वजा ८ म्हणजे ७०, आणि ७० भागिले ७.५ म्हणजे ९.३३ मिमी.

या अंतरावरून सुरुवातीचे गृहीतकही तपासता येते. चढाच्या कोनाची स्पर्शज्या ९.३३ भागिले π·३२.३, म्हणजे ०.०९२ आहे, आणि कोन ५.३ अंश येतो. तो १० अंशांच्या बराच आत असल्याने घट्ट वेढ्यांची सूत्रे वापरणे योग्य होते. हा कोन १२-१५ अंशांकडे गेला असता, तर वाकवणारे परिबल दुर्लक्षित करता आले नसते. पूर्ण मिटल्यावर बाह्यव्यास केवळ ०.१ मिमीने वाढतो, त्यामुळे भोकात घासण्याची भीती नाही.

राहिला प्रश्न स्प्रिंग मधेच बाजूला फुगून वाकण्याचा. मोकळी लांबी आणि मध्यव्यास यांचे गुणोत्तर २.४ आहे. दोन्ही टोके मोकळी फिरणारी असली तरी हे गुणोत्तर सुमारे २.६ पर्यंत सुरक्षित असते आणि टोके सपाट समांतर पृष्ठांवर टेकलेली असल्यास ते ५ पर्यंत चालते. त्यामुळे आत आधाराची दांडी घालण्याची गरज नाही.

चुका कुठे होतात आणि त्या कशा ओळखाव्यात

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे D च्या जागी बाह्यव्यास घालणे, कारण व्हर्नियरने मोजता येतो तो बाह्यव्यासच. आपल्या उदाहरणात ३२.३ ऐवजी ३६.३ घातले, तर घनामुळे विचलन ४२ टक्के जास्त दिसते आणि सुमारे ३० टक्के कमी वेढे पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात बनलेली स्प्रिंग मग अपेक्षेपेक्षा कितीतरी कडक निघते. दुसरी चूक सक्रिय वेढ्यांच्या जागी एकूण वेढे धरण्याची आहे. ७.५ ऐवजी ९.५ धरल्यास उत्तर २७ टक्क्यांनी चुकते.

तारेचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा आणि एकाच जागी दोन काटकोनी दिशांनी मोजावा. ४ मिमी म्हणून आलेली तार ३.९५ ची असेल, तर चौथ्या घातामुळे कडकपणा जवळपास ५ टक्के घटतो. तेवढा फरक वेढे कमी-जास्त करून भरून काढण्याऐवजी तयार तारेचे माप घेऊनच मध्यव्यास ठरवावा.

थंड तारेपासून गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये अंतर्गत प्रतिबले उरतात. ती घालवण्यासाठी कार्बन पोलादाच्या स्प्रिंगा साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसवर सुमारे अर्धा तास ठेवतात. या तापमानाला व्यास थोडा आकसतो, म्हणून गुंडाळतानाच तो किंचित मोठा ठेवावा लागतो. ही प्रक्रिया वगळली, तर आकडेमोड बरोबर असूनही स्प्रिंग बसते.

वर वापरलेली ४५ टक्क्यांची मर्यादा स्थिर किंवा क्वचित बदलणाऱ्या बलासाठी आहे. बल सतत मागेपुढे होत असेल, तर कमाल प्रतिबलाइतकेच किमान आणि कमाल यांतील अंतरही महत्त्वाचे ठरते. तेव्हा तारेच्या पृष्ठभागावरची लहानशी ओरखडही भेगेची सुरुवात ठरू शकते. अशा कामासाठी थकव्याने होणाऱ्या भंगाची वेगळी तपासणी करावी आणि हीच मापे तशीच वापरू नयेत.

सहावी पायरी: तयार स्प्रिंगची चाचणी

पहिल्या नमुन्याची मोकळी लांबी मोजून तो तीन वेळा पूर्ण मिटवावा आणि लांबी पुन्हा मोजावी. ती कमी झाली असेल, तर मिटलेल्या अवस्थेत तार आपली मर्यादा ओलांडते आहे. अशा वेळी आधी तारेचे ताणसामर्थ्य पडताळावे, मग अंतर्गत प्रतिबले घालवण्याची प्रक्रिया झाली होती का ते पाहावे आणि हे दोन्ही ठीक असेल तरच रचनेकडे वळावे. आणखी तीन-चार वेळा मिटवूनही लांबी घटतच राहिली, तर तो नमुना नापास धरावा.

त्यानंतर बल मोजण्याच्या यंत्रावर स्प्रिंग ठेवून ६३ मिमी आणि ४३ मिमी लांबीला बले नोंदवावीत. ती १५० आणि ३५० न्यूटनांच्या जवळ हवीत. कडकपणा मात्र या दोन बिंदूंवरून काढू नये. ४३ मिमीला स्प्रिंग आपल्या पूर्ण विचलनाच्या ८७ टक्के दबलेली असते. तिथे टोकाजवळचे वेढे एकमेकांना टेकू लागतात, सक्रिय वेढे कमी होतात आणि बल सूत्रापेक्षा थोडे जास्त दिसते. अगदी सुरुवातीच्या काही मिमीतही टोके नीट बसत असल्याने वाचन भरवशाचे नसते. म्हणून मधला पट्टा, म्हणजे १२ ते २८ मिमी विचलनाचा, घ्यावा आणि त्यातील बलांचा फरक १६ ने भागावा.

हा आकडा १० पेक्षा बराच वेगळा आला, तर दुरुस्ती करण्यापूर्वी तारेचा व्यास, बाह्यव्यास आणि सक्रिय वेढे या तिन्ही गोष्टी मोजून सूत्रात घालाव्यात. मोजलेल्या मापांनी सूत्राचे उत्तर यंत्रावरच्या आकड्याशी जुळले, तर दोष बनवण्यात आहे आणि गुंडाळण्याच्या यंत्राची मांडणी बदलावी. मापे बरोबर असूनही दोन-तीन टक्के फरक राहिला, तर त्या तारेचा G आपण धरलेल्या ७९,००० पेक्षा वेगळा आहे असे समजावे. त्याच तारेच्या पुढच्या स्प्रिंगांसाठी चाचणीतून निघालेला G वापरावा आणि मध्यव्यास त्या प्रमाणात, म्हणजे G च्या बदलाच्या साधारण एक तृतीयांशाने, सुधारून घ्यावा.